टोमॅटो रंगावरून वेगळे करायचे असतील तर आधी उजेड बांधा, थ्रेशोल्ड नंतर

हा लेख एकाच कामापुरता आहे. चालत्या पट्ट्यावरचे टोमॅटो कॅमेऱ्याने पाहून लाल, अर्धवट रंग धरलेले आणि हिरवे असे तीन क्रेटमध्ये पाडायचे. तांदूळ किंवा डाळ निवडायची यंत्रं वेगळ्या घडणीची असतात. त्यांत दाणे तिरक्या घसरणीवरून कॅमेऱ्यासमोर पडतात आणि खराब दाणा हवेच्या झोताने उडवला जातो. ऐंशी-शंभर ग्रॅमचा टोमॅटो असा उडत नाही, त्याला फळीने बाजूला ढकलावं लागतं. उजेडाबद्दल मी जे सांगणार आहे ते मात्र दोन्हीकडे लागू पडतं.

पट्टा, मोटर, एक यूएसबी कॅमेरा आणि छोटा संगणक तुमच्याकडे आहे असं धरतो. पट्टा निळा आणि बिनचकाकीचा घ्या. निळ्या रंगाचा टोमॅटो नसतो, त्यामुळे पट्टा कुठे संपतो आणि फळ कुठे सुरू होतं हे ओळखणं सोपं जातं. काळा पट्टा चालतो. पांढरा घेऊ नका.

खोका

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला आणि तुम्हीही इथेच घालवा. बहुतेक लोक थ्रेशोल्डचे आकडे सांगतात, 'लालसाठी इतके ते इतके'. दुसऱ्याच्या उजेडात मोजलेला आकडा तुमच्या काही कामाचा नाही.

पहिलं यंत्र मी कुर्ल्याच्या गाळ्यात जुळवलं आणि वाशीच्या भाजीपाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याकडे नेऊन बसवलं. सकाळी सहाला नारायणगावचा माल उतरला तेव्हा ते झकास चाललं. अकराच्या सुमारास चांगले लाल टोमॅटो अर्धवटच्या क्रेटमध्ये जाऊ लागले. मी आकडा खाली आणला, काम सुधारलं. तासाभराने अर्धवट टोमॅटो लालमध्ये घुसले, मी आकडा वर नेला. चार दिवस हेच चाललं. तिथे वर्षानुवर्षं टोमॅटो निवडणाऱ्या एक मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचं मशीन पट्टा रिकामा असला की बरोबर सांगतं, माल भरला की चुकतं." मी चार दिवस आकड्यांकडे बघत बसलो होतो, त्या पट्ट्याकडे बघत होत्या.

त्यांचं बरोबर होतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स आपोआप बदलत होता. समोर सहा-सात लालभडक टोमॅटो आले की कॅमेऱ्याला वाटतं की उजेडच लालसर झालाय, आणि तो चित्रातला लाल कमी करतो. म्हणजे माल जितका चांगला तितका तो हिरवट दिसणार. त्यात छतातल्या पारदर्शक पत्र्यातून ऊन यायचं आणि आपोआप चालणारं एक्स्पोजरही सरकायचं. एकाच वेळी दोन चुका, आणि दोन्ही मी थ्रेशोल्डच्या माथी मारत होतो.

म्हणून पहिलं काम हे: कॅमेऱ्याचं जे जे आपोआप चालतं ते सगळं बंद करा. लिनक्सवर असं:

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c auto_exposure=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_time_absolute=20
v4l2-ctl -d /dev/video0 -c white_balance_automatic=0
v4l2-ctl -d /dev/video0 -c white_balance_temperature=4600
```

इथे `auto_exposure=1` म्हणजे हाताने ठरवलेलं एक्स्पोजर, आणि `20` म्हणजे दोन मिलिसेकंद. जुन्या लिनक्सवर ही नावं थोडी वेगळी असतात. `v4l2-ctl -L` दिलं की तुमच्या कॅमेऱ्यावर काय काय आहे ते दिसेल. `gain` दिसला तर तोही एका आकड्यावर बांधून टाका. काही कॅमेरे पुन्हा सुरू केल्यावर हे सगळं विसरतात, म्हणून या ओळी दर वेळी कार्यक्रम सुरू होतानाच चालल्या पाहिजेत.

दोन मिलिसेकंद का, तर पट्टा सेकंदाला वीस सेंटिमीटर चालत असेल तर तेवढ्या वेळात फळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतं आणि चित्र पुसट होत नाही. पण इथे दुसरा सापळा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर थेट चालणारे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. एक्स्पोजर इतकं छोटं केलं की चित्रात आडवे काळपट पट्टे सरकताना दिसतात. म्हणून दिवे डीसीवरच हवेत: चोवीस व्होल्टची एलईडी पट्टी आणि बरा एसएमपीएस. लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतं. उजेड कमी करायला स्वस्त डिमर लावू नका. तोही दिवे झपाट्याने बंद-चालूच करतो आणि ते पट्टे परत येतात. उजेड जास्त वाटला तर एलईडी पट्टीचा तुकडा कमी करा.

पट्टी घेताना सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, नव्वदच्या वरचा मागा. स्वस्त पांढऱ्या एलईडीत गडद लाल भाग तोकडा असतो. त्या उजेडात पिकलेला टोमॅटो विटकरी दिसतो आणि अर्धवट पिकलेल्यापासून त्याचं अंतर कमी होतं. पैसे वाचवायचे तर कॅमेऱ्यात वाचवा, इथे नको.

आता चकाकी. टोमॅटोची साल म्हणजे गोल आरसाच. दिवा थेट फळावर मारला की सालीवर पांढरा ठिपका उमटतो, आणि त्या ठिपक्यात रंगच नसतो. जाड अपारदर्शक प्लायचा खोका करा, आतून बिनचकाकीचा पांढरा रंग द्या आणि एलईडी पट्टी खालच्या कडेला अशी लावा की तिचं तोंड छताकडे राहील. उजेड छतावर आणि भिंतींवर आपटून मग फळावर यावा. कॅमेरा छतातल्या छोट्या भोकातून बघेल. त्या भोकाचं काळं प्रतिबिंब फळाच्या माथ्यावर दिसतं, म्हणून भोक लेन्सपेक्षा जेमतेम मोठं ठेवा. पट्टा आत-बाहेर जातो त्या दोन्ही तोंडांना काळ्या रबराच्या झालरी लावा, म्हणजे पत्र्यातलं ऊन आत येणार नाही.

खोका झाला की चित्राच्या एका कोपऱ्यात, पट्ट्याच्या बाहेर, बिनचकाकीच्या राखाडी प्लास्टिकचा तुकडा कायमचा चिकटवा. प्रत्येक चित्रात त्याचा रंग मोजा आणि नोंदवून ठेवा. माझ्या त्या पहिल्या यंत्रावर पट्टा रिकामा असताना त्याचा `a`, म्हणजे हिरवं-लाल मोजणारा आकडा, १२८ यायचा आणि पट्टा भरला की १२०. राखाडी तुकडा काही पिकत नाही, म्हणजे बदल कॅमेऱ्याचा. सगळं बांधून टाकल्यावर तो दिवसभर एक-दोन आकड्यांपलीकडे हलला नाही. दिवे गरम होईपर्यंत उजेड थोडा उतरतो, तेव्हा पहिली वीस मिनिटं मोजमाप धरू नका.

रंग मोजणे

रंग आकड्यांत मांडायची एचएसव्ही पद्धत सोडा. त्यात लाल रंग मोजपट्टीच्या दोन टोकांना फाटतो: ओपनसीव्हीत थोडा शून्याजवळ, थोडा १७९ जवळ. टोमॅटोसाठी `LAB` घ्या. त्यातला `a` हिरव्यापासून लालपर्यंत सरळ वाढतो आणि १२८ म्हणजे दोन्ही नाही. `b` निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जातो, म्हणून निळा पट्टा त्यानेच गळून पडतो.

```python
lab = cv2.cvtColor(frame, cv2.COLOR_BGR2LAB)
L, a, b = cv2.split(lab)
fal = (b > 138) & (L < 215)
lal = fal & (a > 150)
pramaan = lal.sum() / max(fal.sum(), 1)
```

`L < 215` ही अट उरलीसुरली चकाकी वगळते. `frame` म्हणजे एका फळापुरता कापलेला तुकडा, अख्खा पट्टा नव्हे.

यातले १३८ आणि १५० माझ्या खोक्यातले आहेत, तुमचे तुम्ही काढा. अनुभवी माणसाकडून प्रत्येक प्रतीचे दहा-दहा टोमॅटो निवडून घ्या, आणि पूर्ण हिरव्या व पूर्ण लाल फळांचा `a` मोजा. माझ्याकडे हिरवे १०६ ते ११८ मध्ये आले आणि लाल १६३ ते १८४ मध्ये. मधली मोकळी जागा मोठी असली की खोका चांगला झाला समजा. दोन्ही गट एकमेकांत घुसत असतील तर आकड्यांशी झटापट करू नका, खोक्याकडे परत जा.

फळाच्या सरासरी रंगावर निकाल देऊ नका. अर्धा लाल अर्धा हिरवा टोमॅटो आणि सगळीकडून केशरी टोमॅटो यांची सरासरी सारखीच येते. लाल भागाचं प्रमाण धरा. अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रतवारीतही असंच आहे: रंग दहा टक्क्यांपर्यंत असेल तर नुकता फुटलेला, साठ टक्क्यांच्या वर फिकट लाल, नव्वदच्या वर लाल. आम्ही दहा आणि साठ या दोनच सीमा घेतल्या. लांब पाठवायचा माल आणि आज मुंबईत विकायचा माल एवढा फरक त्यांतून भागतो.

एकच बाजू दिसते त्याचं काय

टोमॅटोला रंग देठाच्या विरुद्ध टोकाकडून चढतो. देठ वर करून पडलेला टोमॅटो कॅमेऱ्याला कच्चा दिसतो आणि उलटा पडलेला तोच टोमॅटो पिकलेला दिसतो. सपाट पट्ट्यावर याला इलाज नाही. खोक्याखालचा भाग फिरत्या रोलरांचा करा, प्रत्येक फळाची तीन चित्रं घ्या आणि तिन्हींतला लाल भाग एकत्र मोजा. रोलर परवडत नसतील तर तीनऐवजी दोनच प्रती पाडा: हिरवा आणि बाकीचे.

ढकलणारी फळी

कॅमेऱ्यापासून फळीपर्यंतचं अंतर वेळेने मोजू नका, पट्ट्याच्या रोलरवर त्याचं फिरणं मोजणारा एन्कोडर लावून त्याच्या ठोक्यांनी मोजा. तीस सेंटिमीटर अंतर दीड सेकंदात कापलं जातं, पण पट्टा भरला की मोटर मंदावते आणि फळी शेजारच्या टोमॅटोला मारते. फळीला फोम लावा.

पावसाळा

शीतगृहातून आलेला माल जूनच्या दमट हवेत उघडला की सालीवर दव धरतं आणि प्रत्येक थेंब स्वतःची चकाकी आणतो. असे क्रेट आधी पंख्याखाली ठेवा, फळ कोरडं झालं की मगच पट्ट्यावर घ्या. लेन्सवरही बाष्प बसतं, म्हणून कॅमेरा रात्री बंद करू नका, त्याची थोडी ऊब पुरते.

रोज सकाळी पहिल्या क्रेटच्या आधी लाकडाचे तीन चेंडू सोडा: एक लाल, एक हिरवा, एक अर्धा-अर्धा, तिन्हींना बिनचकाकीचा रंग दिलेला. आम्ही ते एका डब्यात झाकून ठेवतो, म्हणजे रंग उडत नाही. एखादा चेंडू चुकीच्या क्रेटमध्ये गेला तर थ्रेशोल्डला हात लावू नका. आधी लेन्स पुसा, मग राखाडी तुकड्याचा कालचा आणि आजचा आकडा बघा, मग झालर फाटलीय का ते बघा.