दिवाळीसाठी एजन्सीकडे माणसं मागताय? मेसेजमधल्या या चुका टाळा

“दिवाळीसाठी 10-12 मुलं पाहिजेत, 600 रुपये रोज, लवकर पाठवा.” नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या कापडाच्या दुकानातून दोन वर्षांपूर्वी एजन्सीला एवढाच मेसेज गेला होता. आठ जण आले. चौथ्या दिवशी त्यातले तीन यायचे बंद झाले, तेही ऐन गर्दीत.

घोळ 600 या आकड्यात होता. आम्हाला वाटलं, पोरांच्या हातात 600 पडतील. एजन्सीने तो कपातीआधीचा रोज धरला. पीएफचे 12 टक्के, म्हणजे 72 रुपये, आणि ईएसआयचे 0.75 टक्के, म्हणजे साडेचार रुपये कापून हातात उरले 523.50. बाजूच्या दुकानात रोख 550 मिळत होते, पोरं तिकडे गेली. त्यांची काय चूक?

इकडे आमचं बिल वेगळंच. 600 वर मालकाच्या वाट्याचा पीएफ-ईएसआय 16.25 टक्के, म्हणजे 697.50. त्यावर एजन्सीचे 8 टक्के आणि मग 18 टक्के जीएसटी. माणशी रोजचे जवळपास 889 रुपये. हातात खरंच 600 द्यायचे असतील, तर रोज 688 ठरवावा लागतो. म्हणून मेसेजमध्ये “हातात” हा शब्द हवाच आणि बिलाचा दर एजन्सीकडून आधीच लेखी मागून घ्या. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने लागतात, तेही त्यातच विचारा.

“10-12” असं लिहिलं की एजन्सी कमी आकडा धरते, त्यातही दोन जण येत नाहीत. नेमका आकडा कामानुसार फोडून लिहा. साड्यांच्या थप्प्या उचलणारा माणूस काउंटरवर उभा केला, तर गिऱ्हाईकही वैतागतं आणि तोही.

“दिवाळीपर्यंत” ही तारीख होत नाही. यंदा, 2026 मध्ये, धनत्रयोदशी 6 नोव्हेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 ला आहे. उमरेड-काटोलकडच्या पोरांना लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी घरी पोचायचं असतं. त्या दिवशी सुट्टी किती वाजता, हे लिहिलं नसेल तर ती दुपारीच न सांगता निघतात. नवीन माणसाला भाव आणि माल कळायला दोन दिवस लागतात, तेव्हा सुरुवात गर्दीच्या आधी ठेवा.

आता आम्ही असं पाठवतो:

“नमस्कार दादा, इतवारीतल्या दुकानासाठी 12 जण हवेत: काउंटर 6, गोदाम-पॅकिंग 4, बिलिंग 2. शिवाय 2 जण राखीव ठेवा. 24 ऑक्टोबर ते 8 नोव्हेंबर, आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे माणशी 14 हजेऱ्या. 6 ते 8 नोव्हेंबर सुट्टी नाही, 8 ला दुपारी 4 ला मोकळे. वेळ सकाळी 11 ते रात्री 8, जेवणाची सुट्टी त्यातच. रोज हातात 600, हिशोब 8 तारखेलाच. बिलाचा दर आणि 12 जणांची नावं 17 ऑक्टोबरपर्यंत कळवा.”

17 तारखेला नावं आली नाहीत, तर दुसऱ्या एजन्सीला फोन करायला आठवडा हातात असतो.