बांगडा रोज ताटात, तरी बी-१२ कमी

ओपीडीत नव्याने बसलेला विद्यार्थी बी-१२ कमी आलेला रिपोर्ट पाहिला की आधी विचारतो, "शिवराक काय?" गोव्यात या प्रश्नाने निम्मेच काम होते. समजा, फोंड्याच्या एक बाई आहेत, जन्माच्या शिवराक आणि आठ वर्षांपासून दूध-दहीही सोडलेल्या. दुसरे काणकोणचे पासष्टीचे गृहस्थ, नुस्त्याशिवाय न जेवणारे. दोघांचेही बी-१२ सारखेच कमी.

आता बांगड्याच्या तुकड्यामागे चला. त्यातले बी-१२ प्रथिनाला चिकटलेले असते. जठरातले आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. सुटल्या सुटल्या ते इन्ट्रिन्सिक फॅक्टरला मिळते असे पेपरात लिहून बरेच जण गुण घालवतात. आम्लात त्याला आधी धरून ठेवतो तो लाळेतून आलेला हॅप्टोकॉरिन. पुढे ड्युओडेनममध्ये स्वादुपिंडाचा रस हॅप्टोकॉरिन पचवतो, तेव्हा कुठे ते इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या हाती लागते. हा फॅक्टर मात्र जठरातल्या पॅरायटल पेशीच बनवतात. ही जोडी न पचता इलियमच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जाते आणि तिथल्या क्युबिलिनवर बसून पेशीत शिरते. हे दार अरुंद आहे: एका जेवणाला दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जाते, मग ताटात कितीही तिसऱ्यो असोत.

बाईंच्या शरीरात ही सगळी साखळी शाबूत आहे, फक्त माल येत नाही. यकृतातला साठा काही मिलिग्रॅमचा, आणि पित्तातून आतड्यात उतरलेले बी-१२ हीच साखळी परत उचलते. म्हणून कमतरता दिसायला वर्षे लागतात.

गृहस्थांना अॅट्रोफिक गॅस्ट्रायटिस आहे. आधी आम्ल आणि पेप्सिन कमी पडतात. तेव्हा बांगड्यातले बी-१२ सुटत नाही, पण गोळीतले मोकळे असल्याने शोषले जाते. पॅरायटल पेशी फारच झिजल्या, की इन्ट्रिन्सिक फॅक्टरही उरत नाही आणि पित्तातले बी-१२ही शौचावाटे जाते. आहाराचा इतिहास चोख घेऊनही निदान चुकते ते इथे.

मग गोळी फुकट का? नाही. मोठ्या मात्रेतले साधारण १ टक्का कुठल्याही फॅक्टरविना झिरपते. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाच्या अडीचच्या गरजेपेक्षा जास्त. २-३ मायक्रोग्रॅमची मल्टिव्हिटॅमिन बाईंना रोज घेऊन तूट पुढे रोखायला चालेल, पण फॅक्टर संपलेल्या गृहस्थांना तिचा उपयोग नाही. हातापायांना मुंग्या किंवा चालताना तोल जात असेल, तर दोघांनाही सुरुवात इंजेक्शननेच करतात.

रक्त मात्र इंजेक्शनच्या आधी काढा. नंतरची पातळी काहीच सांगत नाही. आणि नुसते फोलिक अॅसिड देऊ नका: हिमोग्लोबिन चढते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.