हॉलच्या माहितीपत्रकात ‘क्षमता ४००’ एवढंच छापू नका

रत्नागिरी-चिपळूणकडच्या लग्नात पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, पंगत किती जणांची? म्हणून माहितीपत्रकातल्या सुविधांच्या तक्त्यात क्षमतेच्या तीन वेगळ्या ओळी करा: सभागृहात खुर्च्या, एका पंगतीला पानं, मुक्कामाच्या खोल्या. समजा खुर्च्या ४०० आणि पानं १२० आहेत. म्हणजे चार पंगती; आवराआवर धरून एकीला पाऊण तास लागला, तरी जेवणं तीन तास चालणार. हे यजमानाला तक्त्यातूनच कळलं पाहिजे, मुहूर्ताच्या दिवशी नव्हे.

डावीकडे सुविधा उभ्या, वर पॅकेजेस आडवी. तीनच पॅकेजेस ठेवा, चौथ्याने अक्षर बारीक होतं. नुसती बरोबरची खूण पुरत नाही. ‘जनरेटर’समोर ‘४ तास, पुढे डिझेल वेगळं’ असं लिहा, कारण मे महिन्यात वीज गेली की वाद इथेच होतो. रिकामा चौकोन सोडू नका. ‘नाही’ किंवा जादा दर लिहा. पावसाळ्यात अंगणातला मांडव मिळत नसेल, तर तेही त्याच चौकोनात.

दोन घड्या घालून तीन पानं केलेल्या ए-फोर कागदावर तक्ता आतल्या बाजूला तिन्ही पानांवर पसरवा. घडी आकड्यांवर आली तर ते पुसट होतात. ती दोन रकान्यांमधल्या रेषेवर घ्या.