सावळ्या गालांवर ब्लश पांढरट दिसतो? या चुका टाळा

गडद सावळ्या चेहऱ्यावर ब्लश लावला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक तर गाल राख फासल्यासारखे करडे दिसतात. नाहीतर रंग लावलाय हेच कळत नाही, म्हणून हात थरावर थर देत जातो आणि हॉलबाहेरच्या उन्हात दोन गोळे उठून दिसतात. दोन्ही वेळा दोष त्वचेला दिला जातो. खरं तर गडबड डबीतल्या रंगात आणि लावायच्या क्रमात असते.

बेबी पिंक घेणं

पावडर ब्लशमध्ये रंगद्रव्यांसोबत टाल्क, काओलिनसारख्या पांढऱ्या पावडरी असतात. रंग जितका फिका हवा, तितका त्यात पांढरा जास्त, आणि तो बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइडचा. गोऱ्या त्वचेवर हा पांढरा मिसळून जातो. गडद त्वचेवर तो वर तरंगतो आणि खालच्या तपकिरीशी मिळून करडा दिसतो. अशा वेळी अजून ब्लश लावला तर पांढराही तेवढाच वाढतो, म्हणून थर चढवून हा प्रश्न सुटत नाही.

पाकिटावर CI 77891 लिहिलेलं असेल तर ते हेच द्रव्य. पण नुसतं यादी वाचून निर्णय घेऊ नका. बऱ्याचदा सगळ्या शेड्सची मिळून एकच यादी छापलेली असते, त्यामुळे गडद मरून शेडच्या मागेही ते नाव सापडतं. त्यापेक्षा दुकानात हे करा: बोटावर थोडा रंग घ्या आणि जबड्याच्या कडेला एकच पातळ रेघ ओढा. मनगटाच्या आतल्या बाजूला नको, तिथली त्वचा चेहऱ्यापेक्षा बरीच उजळ असते. आता रेघेचा मधला भाग सोडा, तिची विरत जाणारी कड बघा. कड तुमच्या त्वचेत लाल-तपकिरी होऊन मिसळली तर रंग चालेल. कडेला खडूसारखी पांढरट झाक राहिली तर डबीत तो कितीही गोड दिसो, परत ठेवा.

मग चालतं काय? विटकरी, गडद केशरी, डाळिंबी, जांभूळ, वाइन. डबीत हे रंग भीतीदायक वाटतात आणि बहुतेकजणी तिथेच माघार घेतात. पण गडद त्वचेखालून रक्ताची लाली फिकी गुलाबी दिसतच नाही, ती खोल तांबूस दिसते. अंदाज हवा असेल तर खालचा ओठ उलटून आतला रंग बघा आणि त्याच्या जवळपासची, जरा गडद शेड घ्या. त्वचेत पिवळसर झाक असेल तर विटकरी-केशरीकडे झुका, निळसर-लालसर असेल तर जांभळटाकडे. चमक हवीच असेल तर सोनेरी किंवा तांब्याची. चंदेरी चमक पुन्हा तोच करडेपणा आणते.

क्रीम की पावडर, हे नुसतं त्वचेवरून ठरवणं

कोरड्या त्वचेला क्रीम, तेलकट त्वचेला पावडर हा नियम चूक नाही, पण अर्धाच आहे. गडद त्वचेला क्रीमचा एक जादा फायदा मिळतो: त्यात रंग तेलात आणि मेणात बसवलेला असल्याने तो पारदर्शक पडतो, खालची त्वचा दिसत राहते आणि पांढरटपणाची शक्यता कमी होते. म्हणून रोज ऑफिसला जायचं असेल आणि चेहऱ्यावर फक्त सनस्क्रीन असेल, तर मी क्रीमच सुचवेन. (फिकी क्रीम शेड मात्र फिकीच, तीही पांढरी पडते.) मे महिन्यात मुंबईत दिवसभराचं लग्न असेल तर नुसतं क्रीम घामाबरोबर सरकेल, तिथे पावडर हवीच.

निवडताना विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे: गालावर आधी काय लावलंय? पावडर बसवलेल्या चेहऱ्यावर क्रीम ब्लश फिरवला की त्यातलं तेल ती पावडर भिजवतं आणि फाउंडेशनसकट उचलतं.

लग्नघरात हे कसं घडतं बघा. करवलीचं फाउंडेशन झालं, वर कॉम्पॅक्ट झाला. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, गाल अगदीच कोरे दिसतायत," आणि पर्समधली ब्लश स्टिक थेट गालावर घासली जाते. दोन मिनिटांत तिथे लाल ठिपके, त्यांच्यामध्ये उघडी त्वचा आणि कडेला पावडरच्या गुठळ्या. घाबरून वर पुन्हा फाउंडेशन लावलं की चिखल.

अशा वेळी घासणं आधी थांबवा. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज त्या जागेवर नुसता दाबा आणि उचला, ओढू नका. जादा क्रीम आणि गुठळ्या स्पंजला लागून येतील. उघडी पडलेली जागा स्पंजच्या टोकावर उरलेल्या फाउंडेशनने दाबून भरा, मिनिटभर सुकू द्या. त्यावर त्वचेच्याच रंगाची पावडर अगदी थोडी, आणि मग त्याच रंगछटेचा पावडर ब्लश मऊ ब्रशने लावा. पावडर 'ट्रान्सलुसंट' म्हणून विकली जाणारी पांढरी नको. ती गडद गालावर पांढरी दिसते आणि फ्लॅशच्या फोटोत तर जास्तच.

दिवसभर टिकवायचं असेल तर क्रम असा: फाउंडेशन, त्यावर क्रीम ब्लश, मग पातळ पावडर आणि शेवटी जवळच्याच शेडचा पावडर ब्लश. वरचा उडाला तरी खालचा दिसत राहतो.

हसून गालाच्या गोळ्यावर लावणं

हसल्यावर गाल वर चढतो. तेव्हा लावलेला रंग चेहरा सैल पडला की खाली, नाकाच्या घडीजवळ येतो आणि चेहरा ओघळलेला, थकलेला दिसतो. गडद त्वचेला लागणारे रंग तीव्र असल्याने ही चूक जास्त डोळ्यात भरते. चेहरा शांत ठेवून लावा. नाकापासून दोन बोटं जागा सोडा, नाकाच्या टोकाच्या रेषेखाली उतरू नका.

ब्रश जिथे पहिल्यांदा टेकतो तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो. म्हणून आधी झटका आणि गालाच्या हाडावर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली टेकवा. तिथून कानशिलाकडे वर न्या आणि उरलासुरला रंग तेवढा नाकाच्या दिशेने आत आणा. क्रीम असेल तर ते आधी हाताच्या पाठीवर घ्या, बोटाने थोडं गरम करा आणि गालावर थोपटा. स्टिक सरळ गालावर ओढू नका.

गालाच्या हाडावर वांग असेल तर ब्लश नेमका त्या डागावर पडतो आणि तपकिरीवर लाल मिळून मळकट दिसतो. आधी फक्त डागापुरता केशरी करेक्टर अगदी पातळ लावा, त्यावर फाउंडेशन, आणि ब्लश डागाच्या किंचित वरून सुरू करा.

पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवणं

हॉलच्या खोलीतले पिवळे दिवे केशरी आणि पीच रंग गिळून टाकतात. रंग कमी वाटतो, हात वाढतो. शेवटचा हात द्यायच्या आधी खिडकीपाशी किंवा दारात जाऊन उजेडात आरसा बघा. जास्त झालाच असेल तर वर पावडर फासून झाकू नका. फाउंडेशनचा वापरलेला स्पंजच, काहीही नवीन न घेता, रंगाच्या कडेवरून थोपटा.

रोजचा पावडर ब्लश अचानक रंग देईनासा झाला तर डबी टाकायची घाई नको. ब्रशवरून चेहऱ्याचं तेल डबीत जातं आणि वर चकचकीत टणक पापुद्रा धरतो. त्यावर चिकटपट्टी हलकी दाबून उचला, खालची मऊ पावडर मोकळी होईल. ब्रश धुतला नाही तर थोड्याच दिवसांत पापुद्रा परत धरतो.