चवथीचा गूळ कधी मागवायचा?

देवगड तालुक्यातल्या काकांच्या किराणा दुकानात मी बसायला लागलो, तेव्हा माझी पहिली चतुर्थी गुळाने चुकवली. २०२३ ची वही उघडली, तर गर्दी ११ सप्टेंबरपासून दिसत होती. म्हणून २०२४ मध्ये मी १ सप्टेंबरला कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला फोन केला. पण २०२३ ला अधिक श्रावण होता आणि चतुर्थी १९ सप्टेंबरला आली होती. २०२४ ला ती ७ तारखेलाच होती. गूळ उतरला तो ऋषिपंचमीला. मोदकांसाठी आलेली गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परत गेली होती.

काका एवढंच म्हणाले, "तारीख काय बघतंस? चवथ कधी हा, ता बघ."

तेव्हापासून वहीत तारखेशेजारी 'चवथीला किती दिवस' हा रकाना असतो. माल किती दिवसांत आला तेही लिहितो. एरवी गूळ ४ दिवसांत येतो. श्रावणात व्यापाऱ्याकडेच गर्दी असते, त्यात फोंडा घाटात दरड आली तर ९ दिवसही लागलेत. सणासाठी मी सरासरी धरत नाही, ९ च धरतो.

आता हिशेब. एरवी रोज ४ किलो खपतो, म्हणून ९ दिवसांना ३६ किलो पुरेल असं वाटतं. नवा माणूस इथेच फसतो, कारण माल वाटेत असताना खप वाढत जातो. आमच्याकडे १४ ते ९ दिवस उरले असताना रोज ५ किलो जातो, ८ ते ४ दिवसांत १० आणि शेवटचे तीन दिवस २०. समजा १४ दिवस आधी फोन केला आणि माल ९ दिवसांनी आला. तोवर सहा दिवसांचे ३० आणि पुढच्या तीन दिवसांचे ३०, असे ६० किलो जाणार. म्हणजे फोन करताना दुकानात ६० किलो हवेतच. कमी असतील तर फोन आधी करायचा. उरलेल्या पाच दिवसांना ८० किलो लागतात, म्हणून १० किलोच्या आठ ढेपा मागवतो. एखादी ढेप जास्त चालते. त्याहून जास्त नको, पावसाळी हवेत गूळ पाझरतो आणि चवथीनंतर खप परत ४ वर येतो.

मागच्या वर्षीचा आकडा उचलताना त्या दिवशी माल संपला होता का, ते नक्की पाहा. आमच्या २०२४ च्या वहीत शेवटच्या दोन दिवसांचा खप शून्य आहे. मागणी शून्य नव्हती, गूळ नव्हता. आता माल संपला की मी तिथे लाल फुली मारतो आणि गूळ मागून रिकाम्या हाताने गेलेल्यांचे किलो बाजूला लिहितो.

वारही बघावा लागतो. २०२६ ला चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. चाकरमानी शुक्रवारी-शनिवारी उतरतील, म्हणून २० किलोचे दिवस मी एक दिवस आधीपासून धरले आहेत आणि एक ढेप वाढवली आहे. फोन ३१ ऑगस्टला.