हेपारिन की वॉरफॅरिन: उतारा निवडण्याआधी एक प्रश्न

परीक्षेत रक्तस्रावावर उतारा विचारून प्रोटामिन आणि व्हिटॅमिन के हे दोन्ही पर्याय शेजारी दिले की उत्तर हमखास चुकते. अशा वेळी आधी विचारावे: औषध रक्तातच काम करते की यकृतात?

१. हेपारिन रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला जोर देते. त्याची मोजणी एपीटीटीने होते, लक्ष्य साधारणपणे नियंत्रणाच्या दीड ते अडीच पट असते आणि रक्तातच त्याला बांधणारे प्रोटामिन हा उतारा काही मिनिटांत लागू पडतो. ताशी १००० युनिट चालू असताना रक्तस्राव झाला, तर इन्फ्युजन थांबवून फक्त मागच्या दोन-अडीच तासांचे हेपारिन धरावे, म्हणजे सुमारे २५०० युनिट. १०० युनिटांना १ मिलिग्रॅम या हिशेबाने २५ मिलिग्रॅम, तेही सावकाश, कारण घाईने दिल्यास रक्तदाब कोसळतो. दिवसभराचे २४,००० युनिट मोजणे हाच प्रश्नातला सापळा असतो.

२. वॉरफॅरिन यकृतात घटक २, ७, ९ आणि १० यांची जडणघडण अडवते, म्हणून आयएनआर पाहावा (बहुधा २ ते ३). व्हिटॅमिन के दिले तरी नवे घटक तयार व्हायला कित्येक तास लागतात. त्यामुळे जीवघेण्या रक्तस्रावात शिरेतून व्हिटॅमिन केसोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट हवे.

सावधगिरी: प्रश्नात एनॉक्सापॅरिन असेल तर एपीटीटी भरवशाचा नाही, अँटी-टेन-ए पातळी पाहतात, आणि प्रोटामिनही त्याला अर्धवटच उतरवते.