फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी तापते तेव्हा: या चुका टाळा

मे महिन्यात परशुराम घाट उतरून भर दुपारी चिपळूणला गाडी फास्ट चार्जरला लावली. गाडीची बॅटरी 30 युनिटची, चार्ज 10 वरून 80 टक्के, म्हणजे जमा झाले 21 युनिट. चार्जरच्या पडद्यावर मात्र 22.8. शेजारचे काका म्हणाले, “मशीन चोरी करतंय हो!” मशीनला दोष देणं ही पहिली चूक.

बॅटरीच्या आत अंतर्गत रोध असतो आणि त्यातून विद्युतधारा गेली की उष्णता होते: P = I²R. माझ्या बॅटरीचा रोध साधारण 0.1 ओहम, धारा 150 अँपिअर. 150 × 150 × 0.1 म्हणजे 2250 वॅट, जणू खालच्या पत्र्याखाली पाणी तापवायचा मोठा गिझर चालू आहे. धारा पूर्ण वेळ तेवढीच धरली, तर 26 मिनिटांत जवळपास 1 युनिट उष्णतेत गेलं. उरलेलं 0.8 युनिट बॅटरी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेनं आणि आम्ही आत बसून लावलेल्या एसीनं खाल्लं.

दुसरी चूक हिशेबाची. धारा दुप्पट केली की उष्णतेचा वेग चौपट होतो. वेळ निम्मा लागतो, म्हणून एकूण नुकसान दुप्पटच राहतं. पण ती उष्णता बाहेर काढायलाही निम्माच वेळ मिळतो, खरी अडचण ही आहे. घरी बॅटरीत 10 अँपिअर धारा सोडून तेच 21 युनिट भरताना तिच्यात फक्त 10 वॅट उष्णता होते, साडेसहा तासांत 0.065 युनिट. (घरीही मीटर जास्त दाखवतो, पण ते नुकसान मुख्यतः गाडीतल्या चार्जरमध्ये होतं.)

आता ते 1 युनिट बॅटरीतच अडकलं तर? सेलचं वजन 200 किलो धरलं, तर तापमान सुमारे 18 अंशांनी वाढेल. हायवेवरून भरधाव आलेली बॅटरी आधीच 38 अंशांवर असेल, तर ती 56 वर जाईल. त्याआधीच गाडी धारा कमी करते, आणि आपण म्हणतो चार्जर स्लो आहे. म्हणून पोचल्यावर आधी चहा घ्या, गाडी सावलीत उभी करा, मग चार्जरला लावा. कूलिंगचा पंखा चालू झाला तर बंद पाडू नका.

रोध वाढलाय का, हे फास्ट चार्जरवर आपलं आपल्याला मोजता येतं. गाडीतले आकडे मोबाइलवर दाखवणाऱ्या ओबीडी अ‍ॅपवर चार्जिंगआधीचा बॅटरीचा व्होल्टेज बघा आणि धारा स्थिरावल्यावर काही सेकंदांत पुन्हा बघा. माझ्याकडे 320 चे 335 झाले: 15 भागिले 150, म्हणजे 0.1 ओहम. दर वेळी चार्ज आणि तापमान सारखंच असताना मोजा, कारण गरम बॅटरीचा रोध मुळातच कमी येतो. पुढे हाच आकडा 0.15 आला, तर त्याच धारेला उष्णता दीडपट होईल.

हँडल किंवा पिन चटका देण्याइतकी तापत असेल, तर तो बॅटरीचा रोध नव्हे. खाऱ्या हवेनं गंजलेल्या जोडाचा तो रोध असू शकतो. तिथे चार्जिंग लगेच थांबवा.